दाखला चालतो, पण अर्धाच

"आमच्या ठाण्यात कर्नाटकातला, आफ्रिकी वंशाचा सिद्दी मुलगा शिकायला आला, तर त्याचा आदिवासी दाखला इथे चालेल का? की आधी 'कुठल्या देशाचा' म्हणून पासपोर्टच मागतील?"

पासपोर्ट घरमालक मागेल. कायदा मात्र जिल्हा बघतो. समजा मुलगा उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूरचा, घरी कोकणी बोलणारा. उत्तर कन्नडचे सिद्दी 2003 साली कर्नाटकाच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आले. शेजारच्या बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना 2020 पर्यंत थांबावं लागलं. लोक तेच, हद्द वेगळी!

यादी राज्यागणिक असते आणि महाराष्ट्राच्या यादीत सिद्दी नाहीत. म्हणून इथल्या राज्य कोट्यातून प्रवेश नाही. केंद्राच्या भरतीत मात्र तो दाखला चालतो. लोक फसतात ते इथे: पंधरा वर्षं ठाण्यात राहिलो म्हणजे इथले झालो, असं धरून राज्य कोट्यात अर्ज भरतात आणि पडताळणीत तो उडतो. मुलगा इथेच जन्मला, तरी दाखला वडिलांच्या कर्नाटकातल्या दाखल्यावरूनच मिळतो आणि मूळ राज्य तेच राहतं.

आणि हे त्या महाराष्ट्रात, जिथे जंजिऱ्यावर सिद्दी घराण्याचं राज्य 1948 पर्यंत होतं.