किक मारू नका, प्लीज

ठाण्यात पावसाळ्यात सकाळी कुणाची बाईक चालू झाली नाही की सोसायटीच्या पार्किंगमध्ये आपोआप एक कमिटी बसते. तिला अध्यक्ष नसतो, सल्ला सगळ्यांकडे असतो आणि प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी "बाजूला हो, मी मारतो" असतं. किक मारणं हा आपल्याकडे पुरुषार्थाचा विषय आहे. प्लग खोलणं नाही, कारण त्यात हात काळे होतात आणि आवाज होत नाही.

परवा वर्तकनगरला आमच्या पार्किंगमध्ये हेच झालं. बाईक माझी, जुनी शंभर सीसीची, कार्बोरेटरवाली, सेल्फ नसलेली. भाच्याला स्टेशनला जायचं होतं, मी वर चहा पीत होतो, आणि खालून जो खडक-खडक-खडक आवाज सुरू झाला तो थांबेचना. रात्रभर पाऊस, गाडी गार, म्हणून पोराने चोक ओढला, हे बरोबरच केलं. पण दोन-चार किकनंतर चोक ढकलायचा असतो हे त्याला कुणी सांगितलं नाही, उलट तिसऱ्या मजल्यावरचे काका आले आणि म्हणाले, "रेस दे रे, रेस दे!" मग तो चोक ओढलेलाच ठेवून रेस देत किक मारत बसला.

आता इथे खरी गंमत आहे. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप, ती हवा अडवते. इंजिन ओढतं तेव्हा हवा मिळत नाही, मग तो सगळा ओढा पेट्रोलच्या जेटवर पडतो आणि पेट्रोल जास्त येतं. गार इंजिनात बरंचसं पेट्रोल थंड भिंतींना चिकटून ओलं राहतं, त्याची वाफच होत नाही, म्हणून सुरुवातीला जास्त लागतं. पण जळायला एक ग्रॅम पेट्रोलला साधारण १५ ग्रॅम हवा हवी. हवा अडवलेली, त्यात रेस देऊन मधला दरवाजा सताड उघडलेला, म्हणजे लग्नात पोट भरलेल्या पाहुण्याच्या ताटात आग्रहाने जिलेबी ओतत राहावी तसं आपण इंजिनला पेट्रोल वाढतोय. पाहुणा बिचारा नाही म्हणू शकत नाही, इंजिन मात्र म्हणतं. ते बंद राहून म्हणतं.

मी खाली येईपर्यंत कमिटी भरात होती. वॉचमनने मारून झाली होती, पहिल्या मजल्यावरचा जिमवाला मुलगा मारत होता. पेट्रोलचा वास जिन्यातच आला, आणि त्याच वासावरून निदान झालं, की पेट्रोल येतंय, भरपूर येतंय, आता अजून किक मारणं म्हणजे अजून ओतणं.

"मामा, करंटच येत नाहीये बहुतेक," भाचा म्हणाला.

"येतोय रे, प्लग पोहतोय. थांब, किक मारू नकोस, रेसही देऊ नकोस."

"अहो, दोन किकमध्ये होईल," काका म्हणाले. हे वाक्य ते बऱ्याच किकांपासून म्हणत होते.

पहिलं काम, पेट्रोलचा कॉक बंद. चोक ढकलून बंद. चावी बंद. मग रेस पूर्ण पिळून तशीच धरायची, सोडायची नाही, आणि आठ-दहा किक सावकाश पूर्ण खालपर्यंत दाबायच्या. हे ऐकून काका हसले, म्हणाले "आत्ता तर रेस देऊ नका म्हणालात!" प्रश्न रास्त आहे. फरक चोकचा. चोक बंद, म्हणजे त्याची झडप उघडी, आणि रेस फुल असली की हवेला रुंद वाट मिळते, पेट्रोलच्या बारीक भोकांवरचा ओढा कमी होतो, आणि आतलं जादाचं पेट्रोल हवेबरोबर सायलेन्सरमधून बाहेर जातं. मग चावी चालू, रेस फुलच, आणि एक जोरदार किक. खूपदा एवढ्यावर भागतं, गाडी खोकते, काळा धूर टाकते, आणि पेटली की लगेच रेस कमी करायची, नाहीतर थंड इंजिन किंचाळतं.

आमची खोकली पण पेटली नाही. कमिटीने "आं" केलं. म्हणजे प्लग काढावाच लागणार.

बहुतेक शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोकला १६ चा प्लग पाना लागतो, जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरना २१ चा. आमच्याकडे टूलकिटमधला पाना असतोच, पण तो फिरवायला लागणारी टॉमी कधीच नसते, ती पहिल्या दिवशीच हरवते. स्क्रूड्रायव्हर घालून फिरवला. प्लग बाहेर आला तो चकचकीत ओला, टोकाला थेंब. वास घेतला, पेट्रोल. हे बघणं महत्त्वाचं आहे, कारण प्लग कोरडा निघाला असता तर गोष्ट उलटी, पेट्रोल पोचतच नाहीये, कॉक किंवा जेट बघा. ओला असून पेट्रोलचा वास नसता तर बहुतेक पावसाचं पाणी. इथे दोन टोकांमधली फट पेट्रोलने बुजलेली आणि काजळी भिजलेली, त्यामुळे ठिणगी फटीत उडायच्या ऐवजी करंट इकडेतिकडे निसटून जात होता.

काकांनी खिशातून लायटर काढला. "आण, भाजून देतो."

हा प्रकार महाराष्ट्रात सगळीकडे चालतो आणि मला अजिबात पटत नाही. पेट्रोलने ओल्या वस्तूला, पेट्रोलने ओल्या इंजिनाशेजारी, पेट्रोल सांडलेल्या हातांनी लायटर. शिवाय लायटरच्या ज्योतीची काजळी वर आणखी बसते. कोरड्या फडक्याने पुसायचा, टोकं पॉलिश पेपरने हलकी घासायची, फुंकर मारायची, वाऱ्यावर ठेवायचा. काकांना लायटरसकट गेटपाशी पाठवलं.

प्लग वाळतोय तोवर आतलं काढायचं. चावी बंदच, प्लगची कॅप भोकापासून लांब, रेस फुल, आणि जरा बाजूला उभं राहून किक. प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडाला तसा जिमवाला मागे सरकला, त्याच्या पांढऱ्या टी-शर्टला नकाशा झाला. फवारा थांबेपर्यंत मारायच्या. चावी चालू ठेवून हेच केलं आणि कॅप भोकाजवळ लोंबकळत असली तर ठिणगी नेमकी त्या वाफेत पडते, मग भुवया नव्याने उगवायची वाट बघा. करंट बघायचा असेल तर वाफ उडून गेल्यावर, भोक झाकून, प्लग लांब धरून, बॉडीला टेकवून.

प्लग हाताने शेवटपर्यंत घातला, पान्याने फक्त घट्ट केला. हेड ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा घालून पाना लावला की आटे जातात आणि मग गाडी खरंच मेकॅनिककडे. कॉक अजून बंदच, कारण कार्बोरेटरच्या वाटीत चालू व्हायला पुरेल एवढं पेट्रोल असतंच. चोक नाही, रेस किंचित. भाच्याची एक किक, आणि गाडी पांढरा-काळा धूर ओकत सुरू झाली. मग कॉक उघडला.

आता चोक न लावता पुन्हा अशीच बुडाली, किंवा उभ्या गाडीच्या ओव्हरफ्लो पाइपमधून थेंब पडताना दिसले, तर बहुतेक कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई अडकलेली आहे, ती साफ करायला लागेल. ऑइलच्या दांडीला पेट्रोलचा वास आला तर ऑइलही बदलायचं, पातळ झालेलं ऑइल इंजिन घासतं. हे सगळं मी भाच्याला सांगत होतो, पण तो तोपर्यंत हेल्मेट घालून तीन हात नाक्याच्या दिशेला गेलेला.

गेटवरून काका ओरडले, "बघा, चोक काढल्यावर झाली ना! मी केव्हाचा सांगतोय."