दोनशे चाळीसचे पस्तीस

आमच्या शोधनिबंधाबद्दल नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं, त्यातली एकच ओळ मी आधी वाचली: 'मेजर रिव्हिजन'. म्हणजे नकार नाही! हा आनंद सोबतची फाइल उघडेपर्यंत टिकला. पहिल्या रिव्ह्यूअरचे पाच मुद्दे, दुसऱ्याचे सतरा. दुसऱ्याने लेख माझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलेला दिसत होता, आणि खरा राग त्याचाच आला.

मुद्देसूद उत्तराची रीत साधी असते. प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली आपलं उत्तर, त्याखाली बदललेला मजकूर आणि पान-ओळ क्रमांक. 'जसाच्या तसा' हे सगळ्यात अवघड. दुसऱ्या रिव्ह्यूअर साहेबांनी तक्ता 4 ऐवजी तक्ता 3 लिहिलं होतं, तेही तसंच ठेवून मी खाली लिहिलं, "येथे तक्ता 4 अभिप्रेत असावा, असे समजून उत्तर देत आहोत." या वाक्याने मला जो आनंद दिला तो अख्ख्या संशोधनाने दिला नव्हता.

मग आला मुद्दा 2.4, म्हणजे दुसऱ्या रिव्ह्यूअरचा चौथा. "विद्यार्थी वर्गांत बसलेले असतात. विश्लेषणात हे कुठेच दिसत नाही."

वर्गात नाही तर काय झाडावर बसणार? मी तसंच, जरा शुद्ध भाषेत, लिहून काढलं आणि सहलेखिका मॅडमना पाठवलं. त्यांचा फोन आला. "सर, हे संपादकांना पाठवायचंय की मन मोकळं करायचं होतं?"

"मन मोकळं."

"झालं ना? आता त्याचं म्हणणं काय आहे ते बघू या."

त्याचं म्हणणं, दुर्दैवाने, बरोबर होतं. गटचर्चेने शिकवलेले तीन वर्ग आणि नेहमीच्या पद्धतीचे तीन, प्रत्येकी 40 मुलं, म्हणून आम्ही 240 मुलांचा नमुना ऐटीत मिरवला होता. पण एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडून, एकाच गोंगाटात शिकतात, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांसारखे होतात. ती 240 स्वतंत्र साक्षीदार नसतात. बरेचसे एकमेकांचं ऐकून साक्ष देतात. हे साम्य किती, याचा एक आकडा असतो, आमचा निघाला 0.15. दिसायला किरकोळ. वर्गातल्या मुलांच्या संख्येतून एक वजा करायचा, 39 ला 0.15 ने गुणायचं आणि एक मिळवायचा: 6.85. आता 240 ला त्याने भागा. स्वतंत्र साक्षीदार उरले पस्तीस!

दोन वर्षं, सहा वर्ग, 240 उत्तरपत्रिका स्वतः तपासल्या, आणि हाती पस्तीस पोरं. बाकीची 205 कुठे गेली हे पालकांनी विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

मी उत्तराचा दुसरा मसुदा केला. त्यात रिव्ह्यूअर 'अत्यंत मौलिक', 'दिशादर्शक' आणि एके ठिकाणी 'ऋषितुल्य' होते. मॅडमनी विशेषणं खोडली आणि विचारलं, "आभार कळले. बदल काय केलाय ते कुठे लिहिलंय?" तो लिहिलाच नव्हता. नम्रपणाच्या भरात उत्तर द्यायचं राहतं, आणि ते रिव्ह्यूअरच्या पहिल्या लक्षात येतं.

पेच पुढेच होता. साहेबांनी बहुस्तरीय प्रतिमान, म्हणजे मुलं आणि वर्ग हे दोन्ही स्तर एकदम हिशेबात धरणारी पद्धत, वापरायला सांगितलं होतं. पण अवघ्या सहा वर्गांवर वर्गावर्गांतल्या फरकाचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही. म्हणजे दुखणं त्यांचं खरं, औषध मात्र आम्हाला लागू पडत नव्हतं. तिसरा मसुदा असा झाला:

"आपला आक्षेप योग्य आहे, मूळ विश्लेषणात वर्गांचा विचार केलेला नव्हता. वर्गांची संख्या सहाच असल्याने बहुस्तरीय प्रतिमानाऐवजी आम्ही वर्गांच्या सरासरींची तुलना केली आहे. या तुलनेत फरक सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय राहत नाही. त्यानुसार सारांश व निष्कर्ष बदलले आहेत (पान 11, ओळी 214 ते 231)."

'लक्षणीय राहत नाही' हे शब्द टाइप करायला मला एक संध्याकाळ लागली. लेखात 'सिद्ध झाले'चं 'संकेत मिळतात' झालं, आणि शीर्षकाला 'एक प्राथमिक अभ्यास' ही शेपटी आली.

पुढचे तेरा मुद्दे दोन दिवसांत उरकले. पण 2.9 साठी पान 6 वर दोन वाक्यं घातली आणि पुढच्या सगळ्या ओळी सरकल्या. क्रमांक पुन्हा तपासले. मग लक्षात आलं, ते बदलखुणा दाखवणाऱ्या प्रतीतले होते. खुणा लपवल्या की ओळी वेगळ्या. पुन्हा तपासले. 2.17 मध्ये लेख 600 शब्दांनी कमी करायला सांगितलं होतं. बाकीच्या सोळा शेऱ्यांपायी तो 900 ने वाढला होता. सरकलेल्या ओळींचं आणखी एक आवर्तन.

दोन महिन्यांनी दुसऱ्या रिव्ह्यूअरचा अभिप्राय आला, दोनच वाक्यांचा. "2.4 चे उत्तर समाधानकारक आहे. ओळ क्रमांक मात्र जुळत नाहीत."