अत्यचार म्हणे!

डोकं फिरलं आहे आज. मे महिना, कूलर नुसती गरम हवा फेकतोय आणि समोर एका संस्थेच्या स्मरणिकेचं 96 पानांचं प्रूफ. तिसऱ्यांदा!

पहिल्या प्रुफात अध्यक्षांच्या मनोगतात 'अत्याधिक' होतं. मी 'या'चा काना काढायची खूण केली. एवढंच. बर्डीवरच्या त्या ऑपरेटर भाऊंनी काय करावं? फाइंड-रिप्लेस मारलं! जिथं 'अत्या' दिसेल तिथं 'अत्य'. दुसऱ्या प्रुफात महिलांवरचे 'अत्यचार', 'अत्यधुनिक' प्रयोगशाळा आणि कोणाला तरी झालेला 'अत्यनंद'. विचारलं तर म्हणतात, "तुम्हीच तर म्हणाल्या ना मॅडम, का तो काना चुकला म्हणून!"

अहो, काना त्या एका शब्दात चुकला होता! 'अति'मधल्या 'इ'पुढे वेगळा स्वर आला की तिचा य् होतो आणि पुढच्या शब्दाचा पहिला स्वर जसाच्या तसा त्या य् वर बसतो. 'अधिक' अ-नं सुरू होतो, म्हणून अत्यधिक. 'आचार', 'आधुनिक', 'आनंद' आ-नं सुरू होतात, म्हणून तिथं काना हवाच. कळीचा असतो दुसरा शब्द. म्हणून प्रूफ हातात आलं की मी आधी 'अति', 'प्रति', 'कोटि'चे जोडशब्द धरते, फोडते आणि दुसऱ्या तुकड्याचं पहिलं अक्षर बघते. नुसता कानावर भरवसा ठेवला की फसलंच.

'कोट्यावधी' त्यातूनच येतं, आणि तेही खजिनदारांच्या लेखात चार वेळा! 'लक्षावधी' बरोबर आहे, कारण लक्ष अ-नं संपतो, अवधी अ-नं सुरू होतो, दोन अ मिळून आ. पण कोटि इ-नं संपतो. इथं दुसरा अ येणार कुठून? कोट्यवधी! लाखाच्या मागं कोटीला फरफटत नेलं लोकांनी. 'अनाधिकृत'चीही तीच गत. अन् आणि अधिकृत, न् मध्ये अ मिळाला, अनधिकृत. 'अनावश्यक'मध्ये काना आहे तो 'आवश्यक'चा, बाप्पा!

यानंतर मी जोडाक्षरांकडे वळते: 'तज्ञ' नाही, तत् अधिक ज्ञ, तज्ज्ञ. ऱ्हस्व-दीर्घ आणि विसर्ग मागाहून. ते निदान शब्दकोशात बघून तरी लोक दुरुस्त करतात.

आता 96 पानं पुन्हा पहिल्यापासून. रिप्लेस उलटं फिरवायचीही सोय नाही, नाहीतर 'अत्यंत'चं 'अत्यांत' होईल. आणि कव्हर? ते मला दाखवलंच नाही, परवाच चार रंगांत छापून आलं. भलामोठा मथळा: 'उज्वल परंपरा'. उत् आणि ज्वल, त् चा ज्, म्हणजे दोन ज! एक खाल्ला!