मॉनिटरवर लाल दिसला नाही, तरी फेटे बर्न का झाले?

"दादा, तुमचा लेख वाचून फॉल्स कलरचा, म्हणजे उजेडाची पातळी रंगांत दाखवणारा मॉनिटर घेतला. सोनीवर एस-लॉग३ या फिक्या लॉग प्रोफाइलमध्ये हिंगोलीजवळचं लग्न शूट केलं. मांडवात नवरदेवाचा चेहरा मॉनिटरवर गुलाबी येईपर्यंत अपर्चर उघडलं. बर्न दाखवणारा लाल कुठंच नव्हता. घरी बघतो तर उन्हातले पांढरे फेटे पार बर्न. फॉल्स कलर नुसता दिखावा आहे, डोळ्यानं केलेलं बरं."

भाऊ, चूक माझ्या लेखाची आहे. 'चेहरा गुलाबी ठेवा' असं लिहिलं, पण ते साध्या रेक ७०९ चित्रासाठी आहे हे लिहायचं राहून गेलं.

गुलाबी पट्टा बहुतेक मॉनिटरांवर ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. एस-लॉग३ मध्ये ग्रे कार्ड ४१ टक्क्यांवर बसतं आणि पांढरा कागद ६१ वर. आपल्याकडचा सावळा चेहरा ग्रे कार्डच्या आसपासच असतो. तो ५५ वर नेला म्हणजे तुम्ही जवळपास पावणेदोन स्टॉप जास्त उघडलं.

आता फेट्याचा हिशोब करू. पांढरं कापड ग्रेपेक्षा सव्वादोन स्टॉप वर असतं. मे महिन्यातल्या दुपारी मांडवाची सावली आणि बाहेरचं ऊन यांत तीन स्टॉपचा फरक सहज पडतो. म्हणजे चेहरा जागेवर असता तर फेटा सव्वापाच स्टॉपवर आला असता. एस-लॉग३ ला ग्रेच्या वर साधारण सहा स्टॉप मिळतात, त्यात तो वाचला असता. तुमचे पावणेदोन धरले की बेरीज सातवर जाते.

लाल न दिसण्याचं कारण वेगळं आहे. बऱ्याच मॉनिटरांवर लाल ९९-१०० टक्क्यांना लागतो, पण एस-लॉग३ चं सिग्नल ९४ च्या आसपासच थांबतं. फेटा पूर्ण गेला तरी मॉनिटर लाल दाखवणार नाही. म्हणून बर्न ओळखायला कॅमेऱ्यातला झेब्रा लावा: C1, Lower Limit, 94+. फेट्यावर रेघा आल्या की तिथलं काही परत मिळणार नाही.

चेहऱ्यासाठी मांडवातच ग्रे कार्ड धरा आणि तुमच्या मॉनिटरच्या पट्टीवर ४१ ला कोणता रंग येतो ते बघून ठेवा. बहुतेकांवर हिरवा येतो. आधी मॉनिटरमधला लट, म्हणजे लॉगचं फिकं चित्र साध्या रंगांत दाखवणारी सेटिंग, चालू-बंद करून बघा. फॉल्स कलर बदलला, तर तो लटनंतरचं चित्र मोजतोय. तसं असेल तर रेक ७०९ च्या लटवर गुलाबीचा नियम चालतो, पण लाल मात्र लटची मर्यादा सांगतो, कॅमेऱ्याची नाही.

संध्याकाळच्या वरातीत नॉइज कमी यावा म्हणून एस-लॉग३ दीड स्टॉप वर ठेवायला माझी हरकत नाही. फ्रेममध्ये ऊन असताना तेवढी जागाच उरत नाही.

डोळ्याचं म्हणाल, तर बेचाळीस डिग्रीच्या उन्हात कुठलीही स्क्रीन काळपट दिसते आणि हात आपोआप अपर्चर उघडतो. त्या लग्नात डोळ्यावर गेला असता तरी फेटे बहुधा असेच गेले असते. पुढच्या वेळी ग्रे कार्डचा आणि फेट्याचा एकेक क्लिप काढून मला पाठवा, आकडे मी बघतो.