‘गेलं तर’, ‘गेलं असेल तर’ आणि ‘गेलं असतं तर’

काही जणांचा असा गैरसमज असतो: “मराठीत नुसतं जर-तर लावलं की झालं. खरी अट आणि कल्पनेतली अट हा भेद इंग्रजीतच आहे, म्हणून तिथं एवढे प्रकार पाठ करावे लागतात. ‘उद्या पाऊस आला तर’ हे तर चूकच, कारण ‘आला’ हा भूतकाळ आहे. आणि ‘जर’ गाळणं ही गावठी सवय.”

आधी ‘जर’चं बघू, कारण ते लवकर मिटतं. मराठीत अट ‘तर’वर उभी असते. ‘वेळ मिळाला तर येतो’ हे वाक्य पुरं आहे. उलट ‘जर वेळ मिळाला, येतो’ म्हणून बघा, कानाला लगेच लंगडं लागतं. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, शिकलेली माणसंही घरात ‘जर’ क्वचितच उच्चारतात. जोर द्यायचा असला किंवा वाक्य लांबलं, तरच तो येतो.

आता ‘आला’. ‘पोचलास की फोन कर’ असं आई लेकाला सांगते तेव्हा तो अजून घरातच असतो. तरी ‘पोचलास’ला कुणी भूतकाळ म्हणून अडवत नाही. हे रूप इथं काळ सांगत नाही. एक क्रिया पुरी होईल, मग दुसरी, एवढा क्रम सांगतं. काळ कळतो तो पुढच्या ‘कर’वरून. ‘उद्या पाऊस आला तर पेरणी थांबवू’ यातही ‘थांबवू’ आहे म्हणून सगळं पुढचं आहे. वाक्य अगदी शुद्ध आहे.

मुख्य मुद्दा भेदाचा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरतात. पावसाळ्यात तिथलं पाणी हाच घरोघरचा विषय असतो, म्हणून तीन वाक्यं तिथलीच घेतो.

‘आक्का, पाणी 45 फुटांवर गेलं तर सामान वरच्या मजल्यावर न्या.’ पाणी अजून गेलेलं नाही, जाऊ शकतं. अट उघडी आहे.

‘पाणी 45 फुटांवर गेलं असेल तर त्यांनी सामान वर नेलं असेल.’ इथं जे व्हायचं ते होऊन गेलंय, पण बोलणाऱ्याला पत्ता नाही. तो लांब पुण्यात बसून अंदाज करतोय. ही अटसुद्धा खरीच, फक्त माहिती अपुरी आहे.

‘पाणी 45 फुटांवर गेलं असतं तर आम्ही सामान वर नेलं असतं.’ पाणी गेलं नाही, हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे.

‘असेल’ आणि ‘असतं’ एवढ्याच फरकानं बातमी उलटते. फोनवर दुसऱ्याच्या जागी तिसरं वाक्य गेलं, तर ऐकणारा पाणी तिथवर गेलंच नाही असं समजून निवांत बसेल. शंका आली तर शेवटी ‘पण गेलं नाही’ जोडून बघावं. तिसऱ्याला ते सहज चिकटतं. पहिल्या दोन्हींना जोडलं की वाक्य स्वतःशीच भांडतं.

दुसरी खूण ‘-ल्यास’ची. ‘पाणी वाढल्यास स्थलांतर करावे’ अशी सूचना फलकावर असते, कारण ते घडू शकतं. न घडलेल्याबद्दल हे रूप चालत नाही. ‘पाणी वाढल्यास आम्ही गेलो असतो’ असं कुणी म्हणत नाही. नकारही वेगवेगळा होतो. उघड्या अटीत ‘पाऊस थांबला नाही तर’, कल्पनेतल्या अटीत ‘पाऊस थांबला नसता तर’.

मराठी शिकणाऱ्याची चूक बहुधा इथं होते की तो ‘असतं’ एकाच बाजूला लावतो. ‘पाणी वाढलं असतं तर सामान हलवू’ हे जुळत नाही, दोन्हीकडे ‘असणं’ हवं. शिवाय रूप लिंगवचनाप्रमाणं बदलतं: पूर आला असता, गाडी आली असती, पाणी आलं असतं. बोलणारी बाई ‘मी आले असते’ म्हणते, पुरुष ‘मी आलो असतो’. शाळेच्या व्याकरणात क्रियापदाच्या या रूपाला संकेतार्थ म्हणतात आणि तो स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ यांच्या पंगतीत बसतो. ज्या भाषेत भेदच नाही, तिच्या व्याकरणाला हे वेगळं नाव कशाला लागलं असतं?

एका ठिकाणी मात्र इंग्रजी जास्त बारीक आहे, ते मान्य करायला हवं. कल्पनेतली अट आत्ताची की मागची, यासाठी तिथं दोन साचे आहेत. मराठीत बहुतेक वेळा एकच साचा दोन्हीकडे चालतो. ‘काल सुट्टी असती तर मी औदुंबरला गेलो असतो’ आणि ‘उद्या सुट्टी असती तर मी औदुंबरला गेलो असतो’, दोन्ही बरोबर. काळ ठरवतात ते ‘काल’ आणि ‘उद्या’. म्हणून न घडलेल्या गोष्टीबद्दल लिहिताना हा शब्द गाळू नये. बोलताना समोरच्याला संदर्भ माहीत असतो, कागदावर तो नसतो.