टाकीत पाणी किती, यापेक्षा पंपाला किती मिळतं

प्रतिक्रिया: “लेख वाचला. आमची जमिनीखालची फायर टाकी आतून ६ बाय ५ मीटर आहे, खोली अडीच मीटर. म्हणजे सरळ ७५ हजार लिटर, आणि मंजूर आराखड्यातही ७५ हजारच लिहिलंय. पंपाला मिळेल तेवढंच पाणी धरायचं, या तुमच्या हिशेबाने मात्र ती कमी पडते! असले फाटे फोडून लोकांना घाबरवायचं कशाला? आणि एवढं पाणी वर्षानुवर्षं नुसतं सडवायचं का? आम्ही त्यातलं आणि गच्चीवरच्या टाकीतलंही वापरतो, लगेच भरून घेतो.” – एका अकरा मजली इमारतीचा सचिव

सचिवसाहेब, तुमचा गुणाकार बरोबर आहे. फक्त तो टाकीच्या भिंतींचा आहे, पाण्याचा नाही. एक लांब काठी घ्या, झाकण उघडून वरूनच (आत उतरू नका) तीन मापं घ्या: तळापासून स्लॅबपर्यंत, तळापासून ओव्हरफ्लोच्या पाइपापर्यंत, आणि तळापासून, पंप ज्यातून पाणी ओढतो त्या सक्शन पाइपाच्या टोकाच्या जाळीपर्यंत.

पहिलं माप अडीच मीटर येईल. ओव्हरफ्लो साधारणपणे स्लॅबच्या एक फूट खाली असतो, म्हणजे पाणी २.२ मीटरच्या वर कधी चढतच नाही. खाली सक्शनच्या टोकाला असलेल्या फूट व्हॉल्व्हची जाळी तळाला टेकवलेली नसते, नाहीतर गाळ ओढेल. ती २० सेंटिमीटर वर आहे असं धरू. आता पाणी जाळीपर्यंत उतरलं की पंप थांबेल, असं वाटतं ना? तो त्याच्या बराच आधी हवा ओढायला लागतो. मोरीतलं पाणी जाताना भोवरा होतो, तसाच इथे होतो, आणि त्या भोवऱ्यातून हवा सक्शनमध्ये शिरते. जाळीवर किती पाणी हवं हे पाइपाच्या व्यासावर आणि पाण्याच्या वेगावर ठरतं. तुमच्यासाठी ३० सेंटिमीटर धरतो. म्हणजे तळातला अर्धा मीटर पंपाच्या उपयोगाचा नाही.

उरलं १.७ मीटर. तुमच्या टाकीचा तळ ३० चौरस मीटर, म्हणजे ५१ हजार लिटर. पंपाच्या पाटीवर मिनिटाला २२८० लिटर लिहिलं असेल, तर हे पाणी सव्वाबावीस मिनिटं पुरतं. ७५ हजार खरोखर मिळाले असते तर जवळजवळ ३३ मिनिटं पुरले असते. शिवाय फायर पंप पाटीवरच्या आकड्यावर अडून राहत नाही. जास्त हायड्रंट उघडले तर तो दाब कमी करून दीडपट पाणी देऊ शकतो, तेव्हा तुमची टाकी पंधरा मिनिटांत संपते. पंप हवा ओढतोय हे ओळखायला सोपं आहे: दाबाच्या घड्याळाचा काटा थरथरतो, पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येतो, आणि टाकीत डोकावलं तर पाणी दिसत असतं! अशा वेळी पंप चालू ठेवला तर सील आणि इंपेलर जातात.

नवी टाकी बांधताना यावर स्वस्त उपाय असतो. सक्शनखाली ६०-७० सेंटिमीटर खोल खड्डा ठेवायचा आणि फूट व्हॉल्व्ह त्यात सोडायचा, मग तळापर्यंतचं पाणी कामाला येतं. तुमच्याच मापाच्या टाकीत तेव्हा ६६ हजार मिळाले असते. पुरे ७५ हजार हवे असतील तर खड्डा ठेवूनही खोली २.८ मीटर लागते. बांधलेल्या टाकीचा तळ मात्र फोडू नका, वॉटरप्रूफिंग गेलं की गळती तुमच्या माथी. तिथे दोन गोष्टी करता येतात. सक्शनच्या तोंडाशी भोवरा रोखणारी आडवी प्लेट बसवून जाळीवर लागणारं पाणी कमी करायचं. आणि ओव्हरफ्लो १५ सेंटिमीटर वर घ्यायचा, त्यानेच साडेचार हजार लिटर वाढतात. अट एकच, पाणी येण्याचा पाइप त्याच्याही वर राहिला पाहिजे. तरीही आराखड्यातला आकडा गाठला जात नसेल तर ते लेखी मांडून सल्लागाराला विचारा. आराखड्यातला आकडा वापरता येणाऱ्या पाण्याचा असतो, असं धरूनच मी हिशेब करतो.

आता पाणी सडण्याचं. इथे तुमचं म्हणणं निम्मं पटतं, साचलेलं पाणी खराब होतंच. पण उपाय त्यातून उपसण्यात नाही, वाहण्याचा मार्ग बदलण्यात आहे. बाहेरून येणारं सगळं पाणी आधी फायर टाकीत पडू द्या, ती भरली की वरच्या तोंडातून वापराच्या टाकीत जाऊ द्या. रोज वापराइतकं पाणी फायर टाकीतून पुढे सरकतं, ती ताजी राहते आणि पातळी एक बोटही उतरत नाही. येणारा आणि जाणारा पाइप समोरासमोरच्या टोकांना असावेत. एकाच कोपऱ्यात असले तर पाणी आल्या पावली निघून जातं आणि बाकीची टाकी तशीच साचलेली राहते. एका ठिकाणी हे मी स्वतः चुकलो होतो. सहा महिन्यांनी लांबच्या कोपऱ्यातून उग्र वास आला तेव्हा लक्षात आलं.

‘लगेच भरून घेतो’ यातलं ‘लगेच’ जरा मोजून बघा. तासाला तीन हजार लिटर येत असेल तर २० हजारांची तूट भरायला पावणेसात तास लागतात.

गच्चीवरच्या टाकीचंही तेच. एकाच टाकीतून घरगुती आणि फायर अशी दोन्ही पाणी जात असतील, तर फायरचा पाइप तळातून निघावा आणि घरगुती पाइप राखीव पातळीच्या वरून. काही प्लंबर घरगुती पाइप तळातूनच काढतात आणि आत वळवून वर नेतात. चालेल, पण वळणाच्या माथ्यावर छोटं भोक पाडलेलं असलंच पाहिजे. नाहीतर एकदा प्रवाह सुरू झाला की सायफन बसतो आणि राखीव पाणीही ओढलं जातं. आणि पाणी कमी आहे म्हणून गच्चीवर परस्पर आणखी एक टाकी ठेवू नका. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन, आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा.

गच्चीच्या टाकीवरून एक बिघाड घरबसल्या कळतो. ही टाकी पाणी एकाच दिशेने सोडणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून रायझरला, म्हणजे मजल्यांवर फायरचं पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपाला जोडलेली असते. भरण्याचा व्हॉल्व्ह बंद असूनही टाकी वाहत असेल आणि खाली लाइनमधला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद होत असेल, तर तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. जमिनीखालचं राखीव पाणी गच्चीवरून गटारात चाललंय. बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या बैठकीत गंजाची खपली अडकलेली असते. खोलून साफ केलं की भागतं.

गळती बघायची तर संध्याकाळी दोन्ही टाक्यांचे आत येणारे आणि वापराकडे जाणारे व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खडूची रेघ मारा, चोवीस तासांनी पाहा. फायरच्या लाइनचे व्हॉल्व्ह मात्र उघडेच राहू द्या. तुमच्या खालच्या टाकीत एक सेंटिमीटर उतार म्हणजे ३०० लिटर.

साफसफाईसाठी टाकीचे दोन कप्पे असतील तर एका वेळी एकच रिकामा करा, तेही गच्चीची टाकी भरलेली असताना. सलग एकच असेल तर रिकामी असेपर्यंत टँकर उभा ठेवा. गाळ असलेल्या बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून झाकणं उघडून पंख्याने हवा खेळवा, आतली हवा मीटरने तपासा, उतरणाऱ्याला पट्टा आणि दोर बांधा, वर एक माणूस सतत ठेवा. आतला माणूस कोसळलाच तर वरच्याने मागोमाग उडी मारायची नाही, दोर ओढायचा.

काठीची तीन मापं इथे टाका, सक्शन पाइपाचा व्यासही लिहा. ३० सेंटिमीटर हा माझा अंदाज आहे, तो तुमच्या पाइपाला लावून पुन्हा हिशेब करू.