नोटीस आली? आधी 2004 विसरा

बेळगावातल्या तुमच्या मराठी शाळेला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, म्हणजे बीईओ ऑफिसातून नोटीस आली की पहिलं पथ्य पाळा : ती वाचू नका. वाचलीत तर कळेल की साहेबांनी गणित कन्नडमधून शिकवा असं म्हटलेलंच नाही, कन्नडचा तास का होत नाही एवढंच विचारलंय. मग भाषणाला जोर कुठून आणणार? तेव्हा घडी घालून ती खिशात ठेवा, चहा मागवा आणि संचालक मंडळापुढे टेबलावर हात आपटा : "कलम 30! शाळा आमची, कारभार आमचा!"

अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देणारं घटनेचं हे कलम खरं आहे, आणि तुमच्याच कामाचं आहे. अल्पसंख्याक कोण, हे राज्य धरून ठरवायचं, असं टी.एम.ए. पै खटल्यात 2002 साली 11 न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं. म्हणून पुण्यात बहुसंख्य असलेला मराठी माणूस कर्नाटकातल्या खानापुरात अल्पसंख्याक. इथवर छाती फुगवायला हरकत नाही.

2004 चं मात्र नाव काढू नका. महाराष्ट्रातल्या गुजराती संस्थाचालकांनी तेव्हा सर्वोच्च न्यायालयात हेच कलम पुढे केलं होतं : आमच्या शाळांत मराठी सक्तीची कशाला? उषा मेहता खटला तो. समोर महाराष्ट्र सरकार होतं, आणि जिंकलं. ज्या राज्यात राहायचं तिथली भाषा एक विषय म्हणून शिकवायला लावली, तर कारभाराचा हक्क बुडत नाही, असं न्यायालय म्हणालं. आपण तेव्हा खूश झालो असणार. कर्नाटकाने 2015 साली कायदा करून कन्नड पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सक्तीची केली. आता बेळगावात तोच निकाल कुणी तुमच्यापुढे धरला, तर खोकला काढून विषय बदला.

एखाद्या चौकस मास्तराने विचारलंच, "अध्यक्ष, मग नडायचं कुठे?" तर त्याला गप्प बसवा. नाहीतर तो सांगेल की विषय वेगळा आणि माध्यम वेगळं. पहिली ते चौथी मातृभाषेतून किंवा कन्नडमधूनच, हा कर्नाटकाचा 1994 चा आदेश घटनापीठाने 2014 साली रद्दच केला. तेव्हा उद्या साहेब भूगोलही कन्नडमधून शिकवा म्हणाले, तर खुशाल कोर्टात जा. सेवाज्येष्ठतेच्या यादीतलाच मुख्याध्यापक घ्या म्हणाले, तरीही जा. अनुदान घेता म्हणून मुख्याध्यापक निवडायचा हक्क जात नाही. फक्त तुम्ही निवडाल तो माणूस सरकारने ठरवलेल्या पात्रतेचा हवा. भाच्याचं बी.एड. अजून व्हायचंय, तेव्हा हे वाक्य इतिवृत्तात येऊ देऊ नका.

आणि हो, 2014 च्या त्याच निकालाने माध्यम निवडायचा हक्क पालकांनाही दिला. त्याचा उपयोग तुम्ही घरी केलाच आहे. शाळा बचाव मोर्चाचा फोटो काढताना नातवाला मागे उभा करा, टाय दिसतो.